उशाचं लोखंड

मी मारकुटी बाई आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला नवल वाटायला नको. माझा हात उठतो. माहेरी भावांवर उठायचा, शाळेत पोरींवर उठायचा, लग्न झाल्यावर लेकरांवर उठायला लागला. गिरणीवाल्यानं माझं दळण मागं सारून दुसऱ्या बाईचं लावलं, तेव्हा पिठाचा रिकामा डबा त्याच्या टाळक्यात घातला होता मी. आमच्या झरी गावात अजून कुणी कुणी ते सांगून हसतं. मला त्याचं हसू येत नाही आणि लाजही फार दिवस वाटली नव्हती.

त्या वर्षी नवऱ्याला पनवेलला एका गोदामात काम लागलं. एक खोली घेतली त्यानं आणि दिवाळीला आला तो आम्हाला न्यायलाच. थोरली पोरगी साडेतीन वर्षांची, धाकटं पोरगं आठ महिन्यांचं. घरी राहणार एकटी सासू. परभणीहून संध्याकाळची गाडी, दुसऱ्या दिवशी सकाळी पनवेल. सारी रात्र गाडीत, दोन बारकी लेकरं, आणि दिवाळीनंतरची परतीची गर्दी. भीती वाटली की मी चिडते, ही माझी दुसरी खोड.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळपासून मी चुलीपुढं होते. दशम्या केल्या, पाण्याचा थेंब न घालता दुधात मळून, कारण पाण्यातली भाकरी सकाळपर्यंत वातड होते. धपाटे केले. शेंगदाण्याची चटणी कोरडी कुटली. नवरा म्हणाला, वांग्याची भाजी घे. मी म्हटलं, "सांडली म्हंजे तुमी पुसणार का? रस्सा काही न्यायचा न्हाई." धाकट्यासाठी तांदूळ-मूगडाळ भाजून, दळून बारीक पूड केली. थर्मासातलं गरम पाणी ओतलं, ढवळलं आणि दहा मिनिटं झाकून ठेवलं की मऊ खीर होते. पण ते पोरगं दोन चमचे खायचं आणि तोंड फिरवायचं. त्याला माझंच दूध लागायचं, वरचं बाटलीचं तोंडात घ्यायचं नाही. हे लक्षात ठेवा.

मग पांघरूण-अंथरूण. खाली घालायला मेणकापड, त्यावर चादर, त्यावर धाकट्याची छोटी वाकळ. सासूनं आपल्या जुन्या लुगड्यांचे थर देऊन शिवलेली होती ती, मऊसूत. धुऊन, उन्हात कडक वाळवून ठेवलेले लंगोट वीस. तापाचं औषध, मीठ-साखरेच्या पुड्या, कापूस, बॅटरी. सामानाला साखळी-कुलूप. थोरलीच्या झग्याला आतून पिनेनं चिठ्ठी लावली, तिच्यावर नवऱ्याचा फोन नंबर. आणि तिच्या कमरेला बांधायची एक मऊ दोरी, दुसरं टोक माझ्या डाव्या मनगटाला. स्टेशनावर लेकरू हरवायला एक पापणी लवायचा वेळ लागतो. मी कुणाच्या भरवशावर राहणारी नाही.

आणि एवढं सगळं बांधून मी हात धुवायला मोरीत गेले, तर थोरलीनं पिशवी उचकटली. धुतलेले लंगोट काढून शेळीच्या करडाला गुंडाळत बसली होती अंगणात. करडू लेंड्या टाकायलंय लंगोटात, आणि ही त्याला म्हणायली, "झोप, गाडी येईल." मी गेले आणि ठेवून दिली एक गालावर. पाची बोटं उठली. पोरगी रडायची थांबून नुसता आ वासून बघत राहिली. तेव्हा मी दुसरी दिली, रडत का नाही म्हणून. असं मी करायचे.

सासू ओसरीवरून उठली. माझी सासू बोलायला कमी. पण त्या दिवशी म्हणाली, "परवासाला निघायच्या येळी लेकराला मारतीस? तुझ्या हाताला काय सैतान बसलाय का?"

"तुमी मधी पडू नका आत्याबाई," मी म्हटलं. "बांधाबांध कोण करायलंय? मीच ना?"

ती आत गेली आणि येताना कांदे कापायची सुरी घेऊन आली. लांब पात्याची, लाकडी मुठीची, टोक चांगलं अणकुचीदार. सरळ धाकट्याच्या कपड्याच्या पिशवीत घालायला लागली. आमच्याकडं लेकराच्या उशाला लोखंड ठेवतात, वर्षाचं होईपर्यंत. सुरी नाहीतर आडकित्ता. रात्री लेकरू दचकू नये, काही बाधू नये म्हणून. घरात मी कधी आडवं आले नव्हते. पण गाडीत?

"पोलिसांनी पिशवी तपासली तर? लेकरांचा हात लागला तर?" मी म्हटलं. "लेकराला नेऊ का तुरुंगात बाळसं धरायला?"

"चार नद्या वलांडून जायलंय लेकरू. लोखंडाबिगर न्हाई जायचं."

मी सुरी हिसकली आणि अंगणात भिरकावली. नवरा बैलाच्या दाव्याची गाठ सोडवत बसला होता, त्याच्या पायाच्या अंगठ्याजवळ मातीत घुसली ती. बोटभर अंतर. तो उठला. तोही काही गरीब गाय नाही. बांधलेल्या पिशवीला लाथ घातली, धपाट्यांचा डबा ओसरीवरून गडगडत खाली गेला. "दोघी बी मरा," म्हणाला, "मी एकलाच जातो." मग सासूनं गुमान सुरी उचलली, पदरानं पुसली, आणि आत नेऊन ठेवली. मी डबा उचलला. धपाटे वाचले होते. लंगोट पुन्हा धुतले.

संध्याकाळी सासू दाराशी बसून वाकळीला टाके घालत होती. "कड उसवलीय," म्हणाली. मी बघितलं आणि पुढं गेले. मला तेवढा वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी परभणी स्टेशनात पाय ठेवायला जागा नव्हती. आमचे एकाच डब्यातले दोन बर्थ, एक खालचा आणि एक समोरचा वरचा. लेकरं पाचाच्या आतली, त्यांना तिकीट लागत नाही, पण बर्थही मिळत नाही. म्हणजे खालच्यावर मी आणि दोन्ही लेकरं. गाडी सुटायच्या आधीच मी मेणकापड पसरलं, चादर घातली, वाकळ घातली, खिडकीची झडप खाली ओढली. धाकट्याला दूध पाजून आतल्या बाजूला, भिंतीकडं तोंड करून निजवलं. थोरली खिडकीत. मी बाहेरच्या कडेला, म्हणजे कुणी लेकराला धक्का द्यायला नको. सामानाला साखळी. दोरी मनगटाला. सगळं कसं ठरवल्याप्रमाणं झालं म्हणून मला जरा हुशारीच वाटत होती.

आता माझी चूक सांगते. खालचा बर्थ रात्री दहापर्यंत तिघांना बसायचा असतो. मधला बर्थ दहानंतर उघडतात, तोवर मधल्यावाल्यानं खालीच बसायचं. मला हे माहीत होतं. पण सात वाजताच मी सगळ्या बाकड्यावर अंथरूण घालून बसले होते, कारण माझं लेकरू झोपलं होतं.

गंगाखेडला डब्यात माणसांचा लोंढा घुसला. नवरा पाण्याच्या बाटल्या घेऊन नळाकडं उतरला होता. त्या लोंढ्यात एक माणूस आला, तीस-बत्तीसचा, दोन्ही खांद्यांवर बोजे, मागं त्याची बायको, कडेवर पोर, आणि एक त्याचा भाऊ. मधला बर्थ त्याचा होता.

"ताई, जरा सरका," तो म्हणाला. चांगल्या शब्दात म्हणाला, खोटं कशाला बोलू. "मधली सीट आमची हाय. धा वाजेस्तोवर बसू द्या."

"लेकरू झोपलंय. दिसंना का?"

"मांडीवर घ्या की."

"उठलं तर तू निजवणार का?"

मागून माणसं ढकलत होती. त्याच्या बायकोला कुणाचा तरी कोपर बसला, तिचं पोर रडायला लागलं. त्याचं डोकं फिरलं असणार, माझंही फिरलं असतं. त्यानं वाकून वाकळीची कड धरली आणि लेकरासकट बाहेरच्या बाजूला ओढली, जागा करायला. खालची वाकळ सरकली तसं धाकटं मागं कलंडलं, आणि त्याचं डोकं मागच्या टेकणीच्या पत्र्यावर आपटलं. टण्णकन आवाज आला. मग ते किंचाळलं.

मी उठले. लेकराला थोरलीच्या मांडीशी कोपऱ्यात कोंबलं, वाकळ पायाकडच्या बाजूनं धरून ओढली आणि त्याच्या अंगावर हाणली. त्याच्या खांद्यावर काहीतरी टणक बसलं. "आयला!" म्हणून तो मागं झाला. बघायला लागला माझ्या हाताकडं. मीही बघितलं.

आता हे नीट लिहायचंय मला, कारण हे मी कधी नीट सांगितलेलं नाही. मी वाकळ मागं घेतली, उलटी केली, उशाकडची बाजू चाचपली. मूठ हाताला लागली. लाकडाची, गोल. सुरी. मला कळलं. सासूनं शिवलीय, हे त्याच क्षणी कळलं, सगळं कळलं. तो माणूस काही करत नव्हता. दोन्ही हात वर करून म्हणत होता, "बाई, थांब, चुकलं." आणि मी मूठ वाकळीसकट मुठीत घट्ट धरली आणि दुसऱ्यांदा हाणलं.

टोक लुगड्याचे तीन थर फाडून बाहेर आलं आणि त्याच्या वर केलेल्या हाताला मनगटाखालून कोपरापर्यंत उघडून गेलं. आधी पांढरं दिसलं. मग रक्त. एक बोट पुढं असतं तर डोळा गेला असता त्याचा.

त्याच्या बायकोनं माझे केस धरले. अंबाड्यात हात घालून खाली ओढलं, मी बाकड्यावरून वाटेत पडले. माझ्या मनगटाच्या दोरीला थोरली होती. मी पडले तशी ती ओढली गेली, तोंडावर खाली आली, ओठ फुटला. ती "माय, माय" करत होती आणि ती बाई माझं डोकं बर्थच्या लोखंडी पायावर आपटत होती. मी तिच्या पोटात लाथ घातली. तेवढ्यात नवरा बाटल्या घेऊन आला. त्यानं एवढंच बघितलं की बायकोचे केस कुणीतरी धरलेत. पाण्यानं भरलेली बाटली त्यानं त्या भावाच्या तोंडावर मारली. भावानं त्याला खिडकीच्या गजावर लोटलं आणि बुक्क्यांनी त्याच्या बरगड्या मोडायच्या बाकी ठेवल्या. दशम्यांचं फडकं सुटलं. माणसं दशम्यांवर नाचत होती.

मग कुणीतरी ओरडलं, "चाकू हाय! बाईजवळ चाकू हाय!"

सगळे थांबले. गाडी सुटली होती. वाकळीतून चार बोटं पातं बाहेर आलेलं, लाल. धाकट्याचं गळा बसेपर्यंत रडणं चाललं होतं, आणि त्या माणसाच्या हातातून रक्त त्याच्या चपलेवर ठिबकत होतं. त्याचं तोंड पांढरंफटक पडलेलं. एक म्हातारबाबा वरच्या बर्थवरून म्हणाले, "आरं, बघता काय? हात वर धरा त्याचा, दाबा! फडकं द्या कुनीतरी, सोच्छ!"

माझ्याजवळ होते ना लंगोट. वीस. उकळलेले, उन्हात वाळवलेले. मी पिशवी उपडी केली. त्या बाईनं माझ्या हातातून ते ओरबाडून घेतले, माझ्याकडं न बघता. एकावर एक चार ठेवले, दाबले, पाचवा फाडून बांधला. तेही भिजले. आणखी मागितले. मी दिले. थोरली ओठ पुसत माझ्याकडं बघत होती. दोरी अजून तिच्या कमरेला होती.

पुढचं स्टेशन परळी. कुणीतरी फोन लावला होता, तिथं पोलीस येणार हे सगळ्या डब्याला ठाऊक झालं. कुणी आमच्याशी बोलेना. मी धाकट्याला छातीशी घेतलं, ते पीत होतं, उसासे देत. टेंगूळ आलं होतं त्याला मागं. मी मनात हिशेब करायला लागले: मला उतरवलं, तर हे पोरगं माझ्याबरोबर कोठडीत येईल की बापाबरोबर पुढं जाईल? पुढं गेलं तर पिणार काय? वरचं दूध तोंडात घेत नाही. आणि थोरली? मला दुसरं काही सुचत नव्हतं. त्या माणसाचंही सुचत नव्हतं.

नवरा बरगड्या धरून माझ्याजवळ वाकला. हळू म्हणाला, "खरं सांग. तुला ठाव होतं का?"

"न्हाई," मी म्हटलं.

"लेकराची शपथ?"

"लेकराची शपथ," मी म्हटलं, आणि लेकरू मांडीवरच होतं.

परळीला दोन पोलीस चढले. एक बाई, एक बाप्या. वाकळ उचलून बघितली, शिवण बघितली. "कोणाची आहे?" मी म्हटलं, माझ्या लेकराची. सुरी कुणी घातली? मी सांगितलं, सासूनं शिवून ठेवली, आमच्याकडं लोखंड ठेवतात, मला माहीत नव्हतं. नुसती वाकळ मारली मी साहेब, मऊ म्हणून. माझा आवाज असा काही कापत होता की कुणालाही खरं वाटावं. तो कापत होता खरंच.

नवऱ्यानं तिथंच आईला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सासूनं उचलला तर तिला आधी शब्दच बोलू दिला नाही. "माय, काय करून ठिवलंस तू? वाकळीत सुरी शिवलीस? माणसाचा हात फाडला! हिला पोलीस धरून न्यायलेत, तुझ्या पायी! अडाणी बाई, तू मरत का न्हाईस?" भर डब्यात, पोलिसांपुढं, शंभर माणसांपुढं, तो आईला म्हणाला, तू मरत का नाहीस. सगळे ऐकत होते.

मग सासूचा आवाज आला. "कुनाला लागलं?"

"माणसाला!"

"लेकराला न्हाई ना?"

"न्हाई!"

"किती येळा हाणलं तिनं?"

"दोनदा म्हनायलेत लोक! आता ते काय इचारतीस?"

मग ती म्हणाली, "साह्यबाला सांग, म्याच शिवली. सुनंला ठावच नव्हतं, चोरून शिवली म्या. मला न्या म्हनावं. ती लेकुरवाळी हाय, तिला सोडा."

बाई पोलीस त्या माणसाकडं वळली. तक्रार द्यायची का, विचारलं. साऱ्या डब्याचं लक्ष त्याच्याकडं. माझं दूध आटल्यासारखं झालं, धाकटं स्तन सोडून रडायला लागलं. त्या माणसानं माझ्याकडं बघितलं, मग फोनकडं बघितलं. त्याचे ओठ सुकले होते.

"म्हातारीनं शिवलेली," तो म्हणाला. "बाईला काय ठाव. म्या बी लेकरू वढलं. ऱ्हाऊ द्या."

सुरी पोलिसांनी जप्त केली, कागदात गुंडाळून नेली. नवऱ्याला चार शब्द सुनावले, सह्या घेतल्या. त्या माणसाला टाके घालायला परळीतच उतरवलं. त्याच्या मागं त्याची बायको, पोर, भाऊ, बोजे, सगळे उतरले. त्यांचं पुढचं सारं जाणं तिथंच मोडलं. खिडकीतून दिसले मला, फलाटावर, त्याच्या हाताला माझ्या लेकराचे लंगोट. त्याच्या पोरानं हात हलवला, कुणाला ते कळलं नाही. मधला बर्थ रात्रभर तसाच बंद राहिला. कुणी उघडला नाही, आणि मीही बसूनच रात्र काढली.

पनवेलला गेल्यावर नवऱ्यानं आईशी बोलणं सोडलं. फोन आला की मला द्यायचा. गावात भावकीला कळलंच होतं. सासूला नावं ठेवायला बायांना काम मिळालं: सुनेला तुरुंगात घालायला निघाली होती म्हातारी, नातवाच्या उशाला शस्त्र, चेटूक करती काय. सासू गावातल्या भजनाला जायची बंद झाली. हे मला फोनवर शेजारीण सांगायची, आणि मी म्हणायचे, "काय करावं बाई, जुनी माणसं."

उन्हाळ्यात आम्ही झरीला गेलो. सासू वाळली होती. नवरा ओसरीवर बसला तो तिच्याकडं पाठ करून. दुपारी तो शेताकडं गेल्यावर मी चुलीपाशी बसले. सासू भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, हळू, जशी मिठाची गोष्ट काढावी, "म्या मूठ कडंला शिवली व्हती. रातीला उशाला हात गेला तर मूठच लागावी, पातं न्हाई. पातं मदी ठिवलं व्हतं, चार पदरात."

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"पायाकडून धरून हाणलं तर पातं बाहीर येत न्हाई," ती म्हणाली. "मूठ धरल्याबिगर न्हाई येत."

तव्यावरची भाकरी करपायला लागली. तिनं उलटली.

"मग तवाच का न्हाई बोल्लात?" मी म्हटलं.

"लेकरं कुनाजवळ ऱ्हायली असती?" ती म्हणाली. एवढंच. रागानं नाही. मला वाटलं तिनं मला मारावं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी मला मारावं.

चार दिवसांनी परत निघायचं होतं. पुन्हा तीच बांधाबांध: दशम्या, चटणी, मेणकापड, लंगोट. आता धाकट्याला वर्ष झालं होतं, पण सासूनं त्याच्यासाठी नवी वाकळ शिवली होती, हिरव्या लुगड्याची. तिनं ती घडी घालून पिशवीवर ठेवली. नवरा सामान आवळत होता. त्यानं ती वाकळ उचलली, झटकली, आणि आईपुढंच ओसरीवर पसरली. गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांच्या बोटांनी कडेपासून कडेपर्यंत दाबत गेला, प्रत्येक शिवण, प्रत्येक थर, पोलीस दाबतात तशी. सासू दारात उभी राहून बघत होती. हातात पीठ होतं तिच्या. काही सापडलं नाही, तर त्यानं ती गोळा करून अंगणात फेकली. "नगं आमाला तुझं काही," म्हणाला.

माझं डोकं भणाणलं. आता मात्र मी उठले. "तिच्यावर काय उठतोस?" मी ओरडले. नवऱ्याला मी कधी अरेतुरे केलं नव्हतं. "मला ठाव होतं! ऐकलंस? मूठ हातात आली, मला कळलं, आणि मग हाणलं मी! तिला काय बोलतोस? मला बोल! मला मार!"

त्याचा चेहरा आधी कोरा झाला. मग हात वर उठला त्याचा, आणि मला वाटलं, येऊ दे.

सासू मधी आली. पिठाचे हात त्याच्या छातीला लावून तिनं त्याला मागं लोटलं. "खोटं बोलायली ती," ती म्हणाली. "मला वाचवायला बोलायली. तुला बायकूचा सोभाव ठाव न्हाई का? म्याच शिवली, म्याच चुकले. तिला काही ठाव नव्हतं."

"आत्याबाई..."

"तू गप," ती म्हणाली. "गाडीची येळ झाली."

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. दोघींपैकी कुणाचं खरं मानायचं, हे त्यानं तिथंच ठरवलं. शर्टावर तिच्या हाताचं पीठ होतं, ते झटकलं. आईला एक शब्द न बोलता पिशव्या उचलून तो दारातून बाहेर गेला.

मी अंगणातून वाकळ उचलली, माती झटकली, पिशवीत घातली. दुसऱ्यांदा मी काही त्याला सांगितलं नाही.